साप चावल्यावर एएसव्ही: किती बाटल्या लावल्या यापेक्षा किती वाजता लावल्या ते का महत्त्वाचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पावसाळा लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ग्रामीण रुग्णालयात सापाच्या केसेस सुरू होतात, आणि कापूस वेचणीपर्यंत त्या चालूच राहतात. बेडच्या बाजूला उभे असलेले नातेवाईक जे प्रश्न विचारतात तेच इथे घेतलेत. सर्वात जास्त वेळा ऐकू येतं ते हे, "साहेब, अजून बाटल्या लावा ना, पैशाची काळजी करू नका." म्हणून बहुतेक उत्तरं शेवटी त्याच मुद्द्याकडे येतात.

एएसव्ही म्हणजे नक्की काय असतं?

अँटी स्नेक व्हेनम, आपल्याकडे सगळे "सापाचं इंजेक्शन" म्हणतात. घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अगदी थोड्या मात्रेत देतात, मग हळूहळू वाढवत नेतात. घोड्याचं शरीर त्या विषाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, मग त्याचं थोडं रक्त काढून त्यातून त्या अँटिबॉडी वेगळ्या करतात. महाराष्ट्रात हाफकिन हे काम कित्येक वर्षांपासून करतंय, खाजगी कंपन्याही आहेत.

अँटिबॉडी इंग्रजी वाय अक्षरासारखी असते असं समजा, वरच्या दोन फांद्या विषाला पकडतात आणि खालचा दांडा आपल्या शरीराच्या बाकीच्या पेशींशी बोलतो. घोड्याचा दांडा माणसाच्या अंगात गेला की रिॲक्शन जास्त येतात, म्हणून पेप्सिन नावाचं एन्झाइम वापरून तो दांडा कापून टाकतात आणि फक्त दोन फांद्यांचा तुकडा ठेवतात. आपल्याकडच्या बाटलीत हाच तुकडा असतो. बहुतेक ठिकाणी तो वाळवलेली पांढरी पावडर म्हणून येतो, कारण भुसावळसारख्या ठिकाणच्या उन्हाळ्यात पातळ औषध सतत फ्रीजमध्ये सांभाळणं अवघड असतं आणि पावडरचं तसं नसतं.

मग हा तुकडा विषाचं करतो काय? विष जळतं का?

जळत नाही, फुटत नाही, नष्टही होत नाही. अँटिबॉडी विषाच्या कणाला चिकटते, एवढंच. पण ती अशा जागी चिकटते की तो कण त्याचं काम करू शकत नाही. विष म्हणजे एक गोष्ट नाही, डझनावारी प्रोटीन असतात त्यात, आणि प्रत्येकाची एक काम करायची जागा असते. घोणसच्या विषातलं एक प्रोटीन आपल्या रक्तातल्या फॅक्टर दहा नावाच्या गोठवणाऱ्या घटकाला धरतं आणि त्याला विनाकारण चालू करतं. अँटिबॉडी त्या प्रोटीनच्या तोंडावर किंवा तोंडाजवळ बसली की त्याला फॅक्टर दहा धरता येत नाही. नंतर विष आणि अँटिबॉडीची ही जोडी रक्तातून फिरत असताना यकृत आणि प्लीहेतल्या साफसफाई करणाऱ्या पेशी तिला उचलून नेतात.

आता यातच पुढची सगळी गोष्ट आहे. अँटिबॉडी फक्त विषाला चिकटते. विषाने जे बिघडवून ठेवलं, ते तिला दिसतही नाही. तुटलेली नस, संपलेला गोठवणारा घटक, बंद पडत चाललेली किडनी, यातल्या कशालाच ती चिकटत नाही, कारण त्यासाठी ती बनलेलीच नाही.

बाटलीवर लिहिलेलं असतं की अमुक मिलिग्रॅम विष मारते. मग हिशोब करून जास्त दिलं की झालं ना?

हा हिशोब खरा आहे आणि तो करायलाच पाहिजे, पण तो आकडा येतो कुठून ते आधी ऐका.

आपल्याकडच्या एएसव्हीचा १ मिली भाग नाग आणि घोणस यांचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो, मण्यार आणि फुरसं यांचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम. एक बाटली १० मिलीची, म्हणजे घोणसचं ६ मिलिग्रॅम विष. घोणस एका चाव्यात सरासरी ६० मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते असं मोजलेलं आहे, म्हणून पहिला डोस ८ ते १० बाटल्यांचा ठरलाय. हा आकडा कुणाच्या मनातून आलेला नाही, या भागाकारातून आला. काही चाव्यांत विष ५ मिलिग्रॅमच असतं, काहींत दीडशेच्या जवळ जातं, म्हणून कधी दुसरा डोस लागतो.

पण ही ताकद मोजतात कशी? लॅबमध्ये विष आणि एएसव्ही आधी नळीत एकत्र करतात, थोडा वेळ ठेवतात, आणि मग ते मिश्रण उंदराला टोचतात. म्हणजे तिथे विषाला अंगात एक मिनिटसुद्धा मोकळं फिरायला मिळत नाही. अँटिबॉडीने त्याला आधीच धरलेलं असतं. बाटलीवरचा आकडा म्हणजे उशीर शून्य असतानाचा आकडा आहे. माणसाच्या बाबतीत उशीर कधीच शून्य नसतो, आणि जितका उशीर होतो तितकं त्या आकड्यातलं "निष्प्रभ" हे फक्त उरलेल्या विषापुरतं खरं राहतं. मला वाटतं ही एक गोष्ट लोकांना नीट कळली तर बाटल्या वाढवायचा आग्रह आपोआप कमी होईल.

उशीर झाला तर नेमकं काय बिघडतं? एक उदाहरण देऊन सांगा.

रावेरकडचा केळीचा बाग समजा. संध्याकाळी ७ वाजता चाळीशीतला माणूस ठिबकची नळी बघायला वाकतो आणि पायाला घोणस चावते. समजा ५० मिलिग्रॅम विष गेलं. हे सगळं एकदम रक्तात जात नाही, काही लगेच जातं आणि बाकीचं चाव्याच्या जागी मांसात साठून तिथून तासन्‌तास झिरपत राहतं, त्याच बागेतल्या ठिबकसारखं.

पहिला प्रकार. मुलगा बापाला दोघांच्या मध्ये बसवून मोटरसायकलवर आणतो, ८ वाजता ते रुग्णालयात. नर्स लगेच २ मिली रक्त काढून कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घालते आणि नळी न हलवता २० मिनिटं ठेवते. ८:२५ ला नळी तिरपी केली तर रक्त पाण्यासारखं वाहतं, गोठलेलं नाही. म्हणजे विषाने काम सुरू केलंय. १० बाटल्यांची पावडर विरघळवायला घेतात (जोरात हलवायची नाही, फेस होतो, हळू फिरवायची, आणि याला बराच वेळ लागतो, नातेवाईकांना वाटतं हे लोक टाइमपास करतायत), मग सलाइनमध्ये मिसळून पावणेनऊला ड्रिप चालू, पावणेदहापर्यंत पूर्ण. १० बाटल्या म्हणजे ६० मिलिग्रॅम विष धरायची ताकद, आत आहे ५०. रक्तातलं विष धरलं गेलं, आणि मांसातून जे झिरपून येतंय ते येता येता धरलं जातंय कारण अँटिबॉडी रक्तात फिरतायत. रात्री पावणेचारला नळीची टेस्ट परत, रक्त गोठतं. लघवी व्यवस्थित आहे. पाय सुजलाय, दोनचार दिवस दुखेल.

दुसरा प्रकार. तोच माणूस, तेवढंच विष. पण आधी भगताकडे नेलं, तिथे रात्र गेली, पहाटे हिरड्यातून रक्त यायला लागलं तेव्हा गाडी केली आणि सकाळी ६ वाजता पोचले. ११ तास. नळीतलं रक्त अर्थातच गोठत नाही. रात्रीपासून लघवी थोडीशीच, ती पण काळपट. तेवढ्याच १० बाटल्या लागतात. दुपारी दीडदोनला रक्त गोठायला लागतं. म्हणजे एएसव्हीने स्वतःचं काम पूर्ण केलं, एक टक्का पण कमी नाही. तरी लघवी होत नाही, किडनी किती काम करते ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढत जातं, आणि आता डायलिसिससाठी मोठ्या हॉस्पिटलला न्यावं लागतं.

काय झालं मधल्या ११ तासात? विषाने रक्तातले गोठवणारे घटक विनाकारण चालू करून संपवून टाकले. ते चालू झाले तेव्हा किडनीच्या बारीक नळ्यांत छोट्या छोट्या गुठळ्या बसल्या, वरून काही विष थेट किडनीच्या पेशींना लागलं, रक्तस्रावाने बीपी पण पडलं. हे सगळं झालेलं काम आहे. सकाळी रक्तात गेलेल्या अँटिबॉडींना यात पकडण्यासारखं काहीच नाही. आता कुणी म्हणेल अजून २० बाटल्या लावा. त्या २० बाटल्यांतल्या अँटिबॉडी मोकळं विष शोधत फिरतील, आणि मोकळं विष शिल्लकच नसेल.

रक्त गोठायला ६ तास का लागतात? एएसव्ही दिलं की लगेच का नाही?

कारण गोठवणारे घटक यकृत तयार करतं आणि त्याला वेळ लागतो. एएसव्हीने फक्त ते घटक खाणाऱ्या विषाला थांबवलं. नवीन घटक पुरेसे तयार व्हायला साधारण ६ तास लागतात. म्हणून डोस झाल्यावर ६ तासांनीच टेस्ट परत करायची, गोठलं नाही तरच पुढचा डोस. डोस संपल्यावर तासाभरात "अजून गोठत नाही" म्हणून परत बाटल्या लावणं म्हणजे विषाचा नाही तर यकृताच्या वेगाचा राग बाटल्यांवर काढणं.

नळीबद्दल एक सांगावंसं वाटतं. काचेची नळी साबणाने धुतलेली असेल किंवा प्लॅस्टिकची असेल तर चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही आणि टेस्ट खोटी येते, मग गरज नसलेल्या माणसाला एएसव्ही जातं. नवी कोरडी काचेची नळी, बस. शंका वाटली तर शेजारच्या धडधाकट माणसाचं रक्त दुसऱ्या नळीत ठेवून बघायचं, ते २० मिनिटांत गोठलं पाहिजे.

मण्यारचं वेगळं असतं म्हणतात, ते काय?

हो, आणि वेळेचा मुद्दा मण्यारइतका कुठेच उघडा पडत नाही.

उन्हाळ्यापावसाळ्यात आपल्याकडे लोक ओट्यावर, खळ्यात, जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री फिरते, झोपेत चावते, दात बारीक असल्याने खूण दिसत नाही, दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, घरचे ॲसिडिटीची गोळी देतात. मग पापण्या जड होतात, डोळे उघडत नाहीत, बोलणं घोगरं होतं, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि पापण्या पडणं दिसलं तर चाव्याची खूण शोधत बसू नका, निघा.

नस, म्हणजे मज्जातंतू, जिथे स्नायूला भेटते तिथे नसेच्या टोकात रसायनाच्या छोट्या पिशव्या असतात, त्या फुटल्या की स्नायू हलतो. मण्यारच्या विषातलं मुख्य प्रोटीन नसेच्या टोकाला जाऊन बसतं, आधी पिशव्या रिकाम्या करतं आणि मग ते टोकच खराब करून टाकतं. एकदा हे झालं की विष धरून काही उपयोग नाही, ते टोक परत उगवावं लागतं, आणि त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. म्हणून मण्यारच्या पेशंटला एएसव्ही पूर्ण देऊन पण तो व्हेंटिलेटरवर कित्येक दिवस राहतो आणि घरच्यांना वाटतं औषध लागू पडलं नाही. औषधाने उरलेलं विष धरलं, पण नस उगवायचं काम त्याचं नाही.

यात एक चांगली बातमी आहे ती लक्षात ठेवा: श्वास मशीनने किंवा अगदी हाताने दाबायच्या अँब्यू बॅगने चालू ठेवला तर हा माणूस पूर्ण बरा होतो. तो डोळे उघडत नाही, हलत नाही, पण बरेचदा त्याला सगळं ऐकू येत असतं, त्याच्याजवळ "गेला" म्हणून रडू नका.

नागाचं तसं नाही. नागाचं विष स्नायूच्या बाजूला बाहेरून बसतं, नसेचं टोक मोडत नाही. तिथून ते निघू शकतं, म्हणून नागाच्या चाव्यात एएसव्ही आणि निओस्टिग्मिन नावाचं इंजेक्शन (ॲट्रोपिनसोबत) दिलं की पापण्या तासाभरात उघडताना दिसू शकतात. दोघं पॅरालिसिस करतात, पण एकात उशीर भरून निघतो थोडाफार आणि दुसऱ्यात नाही.

मग मण्यारला जास्तीत जास्त बाटल्या किती?

पहिल्या १०, सुधारणा नसेल किंवा बिघडत असेल तर एकदोन तासांनी परत १०. २० च्या पुढे देऊन फायदा होत नाही, तिथून पुढचं काम व्हेंटिलेटरचं. घोणस आणि फुरशाला रक्त गोठेपर्यंत दर ६ तासांनी बघून देतात, तिथेही बहुधा २५-३० च्या आत थांबतात. त्यापुढेही रक्त गोठत नसेल तर कारण दुसरं शोधावं लागतं. भारतात कमी डोस आणि जास्त डोस यांची तुलना करणारे अभ्यास पण झालेत, जास्त बाटल्या देणाऱ्या गटात मृत्यू कमी झाले असं काही ठळक दिसलं नाही. याचा अर्थ ४ बाटल्या देऊन भागवा असा नाही. पहिला डोस पुरेसा आणि वेळेवर असला पाहिजे, त्यानंतर बाटल्या वाढवल्याने फारसं काही मिळत नाही.

लहान मुलाला कमी बाटल्या लागतील ना? वजन कमी आहे.

नाही! सापाला माहीत नसतं समोर कोण आहे, तो तेवढंच विष सोडतो. अँटिबॉडी वजनाशी नाही, विषाशी लढतात. मुलाला मोठ्या माणसाइतक्याच बाटल्या, फक्त सलाइनचं पाणी वजनाप्रमाणे कमी. उलट तेच विष लहान अंगात जास्त दाट होतं म्हणून मुलात तर अजून घाई करावी लागते. गरोदर बाईला पण तोच डोस.

इतकं लवकर द्यायचं असेल तर साप चावला की लगेच लावून का टाकत नाही? तासभर बघत का बसतात?

हा प्रश्न रास्त आहे. बरेच चावे बिनविषारी सापांचे असतात, धामण असते, दिवड असते. विषारी साप पण कधी कधी कोरडा चावतो, विष सोडतच नाही. आणि एएसव्ही हे घोड्याचं प्रोटीन आहे, त्याने काही पेशंटला मोठी ॲलर्जी येते, अंगावर गांधी, श्वास लागणं, बीपी पडणं. ज्याला विषच गेलं नाही त्याला हा धोका का द्यायचा?

म्हणून चिन्हं दिसली की द्यायचं: रक्त गोठत नाही, कुठून तरी रक्त येतंय, पापण्या पडतायत, बोलणं बदललं, किंवा सूज वेगाने वर चढतेय. पण चिन्ह दिसलं की एक मिनिट थांबायचं नाही, आणि चिन्ह लवकर दिसावं म्हणून सुरुवातीचे तास पुन्हा पुन्हा नळी लावायची, पुन्हा पुन्हा "वर बघ" म्हणून पापण्या बघायच्या. पेशंट चांगला दिसला तरी २४ तास ठेवून घ्यायचं. बाहेरून हे नुसतं बसून राहणं वाटतं, पण ते बसणं नाही. तुमचं काम एवढंच की तुम्ही त्या वेळी रुग्णालयाच्या आत असा, भगताच्या अंगणात नको. चिन्ह आत असताना दिसलं तर अर्ध्या तासात ड्रिप चालू होते.

रिॲक्शन आली तर औषध बंद?

तात्पुरतं थांबवतात, मांडीत ॲड्रेनालिन देतात (मोठ्याला ०.५ मिलिग्रॅम), अंग शांत झालं की परत हळू चालू करतात. कारण विष अजून आत आहे आणि त्याला दुसरं औषध नाही. टेस्ट डोस म्हणून त्वचेखाली आधी थोडं टोचून बघायची पद्धत होती, ती सोडून द्यायला सांगितलंय, कारण त्याने रिॲक्शन येणार की नाही ते कळत नाही, फक्त वेळ जातो. रिॲक्शन कुठेही येऊ शकते पण ॲड्रेनालिन हाताशी असलं तर ती सांभाळता येते. रिॲक्शनच्या भीतीने पहिला डोस न देता पुढे पाठवणं मला सर्वात जास्त खटकतं.

धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळकडच्या पाड्यांतून मोठ्या हॉस्पिटलला पोचायला कित्येक तास लागतात. मग काय करायचं?

तिथेच तर हा सगळा मुद्दा जीवामरणाचा होतो. सर्वात जवळचं एएसव्ही असलेलं ठिकाण गाठा, सर्वात मोठं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात एएसव्ही सरकारी पुरवठ्यातून फुकट मिळतं. चिन्हं असतील तर पहिला डोस तिथेच चालू करून १०८ मध्ये नंदुरबार, धुळे किंवा जळगावला पाठवता येतं, श्वास बिघडत असेल तर अँब्यू बॅग धरणारा माणूस सोबत. जिल्ह्याच्या ठिकाणी पोचून १० बाटल्या ४ तासांनी मिळण्यापेक्षा पाड्याजवळच्या केंद्रात त्याच १० बाटल्या तासाभरात मिळणं कितीतरी भारी. निघताना केंद्रात फोन करून विचारा एएसव्ही शिल्लक आहे का, नसेल तर रस्ता बदलायला वेळ असतो. आशाताईंकडे हा नंबर असतो, तुमच्याकडेही पावसाआधी असू द्या.

जायच्या आधी पाय किंवा हात फळकुट बांधून स्थिर करा, अंगठी, घड्याळ, पैंजण, जोडवी काढा कारण सूज येणार. चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका, घट्ट दोरी बांधू नका. घट्ट दोरी अचानक सोडली की अडलेलं विष एकदम वर येतं, म्हणून कुणी बांधलेली असेल तर रस्त्यात सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडू द्या. सापाच्या मागे लागू नका, एएसव्ही चारही सापांवर एकच आहे, साप आणून दाखवायची गरज नाही, लांबून फोटो मिळाला तर ठीक.

उशीर झाला असेल तर एएसव्ही द्यायचंच नाही का?

द्यायचं. हे चुकून उलटं समजू नका. चाव्याच्या जागेतून विष झिरपत राहतं, घोणस आणि फुरशाच्या पेशंटचं रक्त दुसऱ्या तिसऱ्या दिवशीसुद्धा गोठत नसतं कारण विष अजून काम करतंय. रक्त गोठत नाही तोपर्यंत एएसव्हीला काम शिल्लक आहे असं धरायचं. एकदा गोठलेलं रक्त दुसऱ्या दिवशी परत पातळ झालं तर परत द्यावं लागतं, म्हणून डिस्चार्जची घाई करू नका. उशिरा दिल्याने पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून येत नाही, एवढाच फरक.

पाय काळा पडलाय, सूज उतरत नाही. तिथेच इंजेक्शन का देत नाहीत?

विषातले मांस सडवणारे कण बारीक असतात, चाव्यानंतर लवकरच आजूबाजूला पसरून काम सुरू करतात. अँटिबॉडी त्या मानाने फार मोठी, रक्तातून बाहेर मांसात ती हळू आणि कमी उतरते. नागाच्या विषातले पॅरालिसिस करणारे कण तर अँटिबॉडीच्या दहाव्या भागापेक्षाही लहान असतात. त्यामुळे चाव्याच्या जागेचं नुकसान एएसव्हीने फारसं वाचत नाही, लवकर दिलं तर थोडं. चाव्याच्या जागी टोचायचं नाही, त्याने सुजलेल्या पायातला दाब अजून वाढतो आणि फायदा शून्य. बोटात तर अजिबात नाही. काळं पडलेलं मांस नंतर सर्जन बघतात.

एएसव्ही देऊन पण काहींना फरक पडत नाही, बोगस असतं का?

बोगस नाही, पण मर्यादा आहे. आपल्या देशातल्या एएसव्हीसाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं, त्यामुळे तिकडच्या विषावर बनलेली अँटिबॉडी दुसऱ्या भागातल्या सापाच्या काही प्रोटीनला सैल धरते. पश्चिम राजस्थानच्या फुरशाच्या बाबतीत हे ठळक दिसलंय. शिवाय बाटलीतल्या सगळ्या अँटिबॉडी विषाविरुद्ध नसतात, थोडाच भाग कामाचा, बाकी घोड्याच्या इतर अँटिबॉडी. आणि चापडा नावाच्या हिरव्या सापावर हे एएसव्ही बनलेलंच नाही. हा प्रश्न बाटल्या वाढवून सुटणारा नाही, प्रदेशाप्रमाणे विष गोळा करून वेगळं एएसव्ही बनवूनच सुटेल.

एकदा एएसव्ही घेतलं की पुढच्या वेळी साप चावला तर चालतं का?

नाही. या अँटिबॉडी उसन्या आहेत, काही दिवसांत अंगातून निघून जातात, लस नाही ही. परत चावला तर परत रुग्णालय, परत तोच हिशोब.

घरी गेल्यावर काय बघायचं?

आठवडा दोन आठवड्यांनी ताप, सांधे दुखणं, अंगावर खाज असं आलं तर ते त्या घोड्याच्या प्रोटीनमुळे असू शकतं, विष परत चढलं असं नाही. गोळ्यांनी बरं होतं, पण दाखवायला या, आणि डिस्चार्ज कार्ड सोबत आणा, त्यावर किती बाटल्या आणि कधी दिल्या ते लिहिलेलं असतं. घोणस चावलेल्यांनी पहिले काही दिवस लघवी किती होते ते बघायचं, कमी वाटली किंवा चेहरा सुजला तर त्याच दिवशी क्रिएटिनिन करून घ्यायचं.